नोंद सातवी : क्रँकची उंची 75 की 85?

जुळे सोलापुरातल्या वर्कशॉपच्या खोलीचं सेंटरिंग गेल्या रविवारी पूर्ण झालं. या आठवड्यात स्लॅबची सळई कापून वाकवायला घेतली. बेंडिंग शेड्यूल मी स्वतः करतोय हे मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. सळईची जाडी, अंतर आणि क्रँक कुठे घ्यायचा हे सगळं इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर आहे, त्यात मी हात घालत नाही. कापायची लांबी आणि वाकवायच्या खुणा मात्र माझ्या.

आधी खोली सांगतो. आतून 3 मीटर बाय 6.6 मीटर, चारही बाजूंना 230 मिमी रुंद बीम. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त, म्हणून हा वन-वे स्लॅब. मुख्य सळई 3 मीटरच्या दिशेनं, 10 मिमीची, 150 मिमीवर, एकाआड एक सळई दोन्ही टोकांना क्रँक. स्लॅब 125 मिमी, कव्हर खाली 20 आणि वर 20. क्रँकचा कोन 45 अंश.

क्रँक म्हणजे सळई मध्यात स्लॅबच्या तळाशी चालते, बीमजवळ आली की तिरपी वर चढते आणि पुढे वरच्या अंगानं बीमवर जाते. मध्यात ताण खालच्या बाजूला, आधाराजवळ वरच्या बाजूला, म्हणून एकच सळई दोन्हीकडे वापरायची. तिरप्या भागात सळई सरळ जाण्यापेक्षा थोडी जास्त लागते. ती किती, हे काढायचं सूत्र आपल्या सगळ्यांच्या वहीत आहे:

```
तिरपी लांबी = D / sin θ
आडवं अंतर = D / tan θ
जादा लांबी = D / sin θ − D / tan θ
45° ला जादा = 0.414 × D
30° ला जादा = 0.268 × D
```

साईटवर "पॉइंट बेचाळीस डी" म्हणतात ते हेच. सूत्रात काही अडचण नाही. अडचण D मध्ये आहे, आणि माझा अख्खा शनिवार त्यातच गेला.

पुष्कळ जण D म्हणून स्लॅबची जाडीच धरतात. माझ्या स्लॅबला तसं केलं तर एका क्रँकला 52 मिमी जादा येतं. हिशोब लांबीपुरताच असेल तर थोडी सळई वाया जाईल, एवढंच. पण वाकवणाऱ्यानं क्रँक खरोखरच 125 उंच केला, तर ती सळई स्लॅबच्या बाहेर येईल. म्हणून D म्हणजे खालच्या सळईच्या मध्यापासून वरच्या सळईच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर. जाडीतून दोन्ही कव्हर वजा करायचे आणि एक सळईची जाडीही वजा करायची, कारण अर्धी खाली जाते आणि अर्धी वर. 125 − 20 − 20 − 10 = 75. वन-वे स्लॅबमध्ये डिस्ट्रिब्यूशनची सळई खाली मुख्य सळईच्या वर बसते आणि वर क्रँकच्या खाली, त्यामुळे ती या हिशोबात येत नाही.

एवढं वहीत बरोबर होतं. सळई वाकवणाऱ्या अण्णांना मात्र मी शनिवारी सकाळी सांगितलं, "अण्णा, क्रँकची उंची 85 ठेवा." माझ्या डोक्यात बाहेरून बाहेर माप होतं, म्हणजे खालच्या सळईच्या तळापासून वरच्या सळईच्या माथ्यापर्यंत 125 − 40 = 85. तेही चूक नाही. पण पाटावर माप तसं घेत नाहीत. अण्णा सळई वाकवतात, फरशीवर आडवी ठेवतात, खालच्या भागाच्या कडेला टेप लावतात आणि वरच्या भागाच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत वाचतात. म्हणजे तळ ते तळ. तळ ते तळ हे माप मध्य ते मध्य एवढंच भरतं, ते 75 हवं होतं. अण्णांनी 85 ठेवलं, आणि बाहेरून बाहेर ते 95 झालं.

सहा सळया अशा झाल्या. जाळीत टाकल्यावर दिसलं. बाजूच्या प्लायच्या वरच्या कडा स्लॅबच्या लेव्हलला आहेत, त्यावर मी लाइनदोरी ताणली आणि दोरीपासून क्रँकच्या माथ्यापर्यंत मोजलं. 20 यायला हवं होतं. पहिल्या सळईला 10, दुसरीला 11, तिसरीला 9. एखादी सळई चुकली असती तर हात चुकला म्हणता आलं असतं, पण सगळ्या एकाच बाजूला तेवढ्याच चुकल्या म्हणजे मापच चुकलेलं.

अण्णा म्हणाले, "मालक, दाबून बांधू, बसेल." मी नको म्हटलं. दाबून बांधलेली सळई कॉंक्रीट पडताना उसळते, नाहीतर खालच्या बाजूचे कव्हर ब्लॉक चुरडते. सरळ करून पुन्हा वाकवणंही नको. टीएमटी एकदा वाकलेल्या जागी परत उलटी वाकवली तर तिथेच चीर पडायची भीती. त्या सहा सळया कापून वरच्या जाळीखालच्या खुर्च्या केल्या. गच्चीवर 10 मिमी कव्हरनं उन्हापावसात सळई गंजायला वेळ लागत नाही, आणि गंजली की फुगून वरचं कॉंक्रीट उडवते.

आता बरोबर सळईचा पूर्ण हिशोब. सरळ लांबी आधी: 3000 + 230 + 230, वजा दोन्ही टोकांना 25-25 कव्हर, म्हणजे 3410. ड्रॉइंगवर क्रँकचा वरचा वाक बीमच्या आतल्या कडेपासून 750 वर आहे. बाण वरच्या वाकाला आहे की खालच्या, हे ड्रॉइंगवर नीट बघा, 75 मिमीचा फरक पडतो. सळईच्या टोकापासून पहिली खूण 205 + 750 = 955 वर. तिरपी लांबी 75 / 0.707 = 106, म्हणून दुसरी खूण 1061 वर. मधला तळाचा सरळ भाग 3410 वजा दोनदा (955 + 75), म्हणजे 1350. मग पुन्हा 106 आणि 955. बेरीज 3472. दुसऱ्या वाटेनं पडताळा: 3410 मध्ये दोन क्रँकचे जादा 31-31 मिळवले तरी 3472.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम करून पाहिली. बहुतेक शेड्यूलमध्ये 45 अंशाच्या प्रत्येक वाकाला सळईची एक जाडी वजा करतात. माझ्या सळईला चार वाक, म्हणजे 40 वजा, उरतात 3432. मला ते पटत नव्हतं. ही वजाबाकी बाहेरच्या कडेनं माप घेणाऱ्यांसाठी आहे. आपण D मध्य ते मध्य धरलाय, तर वाकात जे कमी होतं ते फक्त कोपरा आणि गोलाईतला फरक. मध्यरेषेची गोलाई 25 मिमी धरली तर 45 अंशाला तो 25 × (0.828 − 0.785), म्हणजे जेमतेम 1 मिमी. चार वाकांचे 4. म्हणून मी एक सळई पूर्ण 3472 कापली, खडूनं खुणा केल्या, अण्णांनी वाकवली, आणि टोक ते टोक सरळ टेप लावला. 3414 आलं. 3410 हवं होतं, 4 जास्त. 3432 कापली असती तर सळई साधारण 36 मिमी आखूड पडली असती आणि दोन्ही टोकांना बीममधली पकड प्रत्येकी 18 नं कमी झाली असती. या स्लॅबला मी कोणतीही वजाबाकी करत नाही.

सळईच्या वजनात याचा काही मोठा फरक नाही. 22 क्रँक सळया, प्रत्येकी 62 मिमी जादा, सगळे मिळून 1.36 मीटर, किलोभराहूनही कमी. लांबीत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. उंचीत झालं तर निभावत नाही, म्हणून आता मी आधी उंची मोजतो.

कोन मोजायच्या नादालाही मी लागत नाही. खुणांमधलं अंतर 106 ठरलेलं असताना कोन 40 झाला तर उंची 68 येते, 50 झाला तर 81. पाच अंश पाटावर डोळ्यांना दिसत नाहीत, पण सहा-सात मिमी टेपवर लगेच दिसतात. शिवाय बांधलेला क्रँक एका अंगाला कलंडतो, हे वेगळंच. सळई आपल्याच अक्षाभोवती 30 अंश फिरली की 75 ची उंची 65 होते आणि वरचं पोलाद 10 मिमी खाली बसतं. कॉंक्रीट ओतणाऱ्याचा पाय पडला तरी हेच होतं. म्हणून वरच्या भागाखाली डिस्ट्रिब्यूशनची सळई घालून प्रत्येक जागी तारेनं बांधायची, आणि खुर्च्या जवळजवळ ठेवायच्या.

रविवारी पहाटे सहाला सुरुवात केली. दहानंतर इथल्या मे महिन्यात उघड्यावरच्या सळईला हात लावता येत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी अण्णांनीच आणली होती. अकरापर्यंत सगळ्या 22 सळया झाल्या. दोरीखाली 19 ते 22 येतंय, ते मला चालतं. पाटावर मी एक नमुना ठेवलाय: 75 मिमी उंचीचा लाकडी ठोकळा. सळई फरशीवर ठेवून क्रँकच्या वरच्या भागाखाली तो सरकवायचा, घट्ट पण न दाबता बसला पाहिजे. आता आकडा बोलून सांगायची गरज पडत नाही.

पुढचं काम पोर्चचं, 3 बाय 3 मीटर, टू-वे, दोन्ही दिशांना 10 मिमी आणि दोन्हीकडे क्रँक. इथे एकच ठोकळा चालणार नाही. पहिल्या दिशेची सळई तळाशी आणि वर दोन्हीकडे बाहेरून असते, तिचा D 75. दुसऱ्या दिशेची खाली तिच्या वर बसते आणि वर तिच्या खाली, म्हणून दोन्हीकडून 10-10 गेले आणि D 55 राहिला. तिरपी लांबी 78, जादा लांबी 23. दोन्हींना 75 ठेवलं तर दुसऱ्या दिशेची सळई पहिलीला वर ढकलेल आणि वरचं कव्हर जाईल. 55 चा दुसरा ठोकळा अण्णांनी रंधून ठेवलाय. 75 च्या ठोकळ्याला लाल आणि 55 च्याला निळा रंग लावला, आणि पाटाजवळ पडलेल्या सळयांच्या टोकांनाही तेच रंग दिलेत.