घड्याळ फोनला टेकलेलं, तरी यादी रिकामी: स्मार्टवॉच जोडतानाचा माझा अनुभव

नवीन स्मार्टवॉचचं चार्जिंग, भाषा निवडणं, कंपनीचं ॲप डाउनलोड करणं, खातं उघडणं हे सगळं विनातक्रार झालं. गाडी अडली ती एकाच स्क्रीनवर. ‘डिव्हाइस शोधत आहोत’ म्हणून गोल फिरायचा, मग थांबायचा आणि खाली एक ओळ यायची, ‘एकही डिव्हाइस सापडलं नाही’. घड्याळ फोनला टेकून ठेवलेलं, त्याच्या स्क्रीनवर जोडणीचा क्यूआर कोड झळकतोय, आणि ॲप म्हणतंय काही सापडलं नाही! तो कोड स्कॅन करूनही तेच झालं. कोडमधून बहुधा फक्त घड्याळाचा पत्ता कळतो, त्याला गाठायला पुन्हा ब्लूटूथच लागतं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं होतं. घड्याळ रिसेट करा, फोन रीस्टार्ट करा, नाहीच झालं तर बदलून घ्या. तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड कितवं आहे, ॲपला कुठल्या परवानग्या दिल्यात, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. माझा खरा राग आहे तो यावर, कारण दोष नेमका तिथेच होता आणि घड्याळ ठणठणीत होतं.

यादी रिकामी असण्याची कारणं दोनच गटांत पडतात. एकतर घड्याळ हाक मारत नाही, नाहीतर फोन ती ऐकत नाही. न जोडलेलं घड्याळ दर थोड्या वेळाने ‘मी इथे आहे’ असा छोटा रेडिओ संदेश सोडत असतं आणि फोनवरची यादी म्हणजे ऐकू आलेल्या अशा संदेशांची नोंद. आधी कोणाची चूक आहे ते ठरवायचं, मग रिसेट वगैरे.

त्यासाठी सोपा उपाय म्हणजे दुसरा फोन. ताईच्या फोनवर तेच ॲप टाकलं आणि घड्याळ लगेच दिसलं. ती ‘जोडा’वर बोट ठेवणार तेवढ्यात मी ओरडलो, ‘थांब, दाबू नकोस!’ तिला वाटलं मी घड्याळावर फारच जीव लावलाय. पण बहुतेक घड्याळं एका फोनला जोडली गेली की हाका मारणं बंद करतात. तिच्या फोनला ते जोडलं असतं, तर माझ्या यादीत यायची उरलीसुरली शक्यताही संपली असती. कुणाचं वापरलेलं किंवा दुकानात दुसऱ्याच फोनला जोडून दाखवलेलं घड्याळ हाती आलं असेल तर पहिला संशय इथेच घ्या. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा किंवा घड्याळ फॅक्टरी रिसेट करा.

ताईला दिसतंय आणि मला नाही, म्हणजे माझा फोन बहिरा. पण फोन की त्यातलं ॲप? यासाठी मी nRF Connect हे फुकट मिळणारं ॲप टाकलं. ते आजूबाजूची सगळी ब्लूटूथ लो एनर्जी उपकरणं आणि प्रत्येकाच्या सिग्नलची ताकद दाखवतं. भली मोठी यादी आली, अर्ध्यांना नावच नाही. आपलं घड्याळ ओळखायची युक्ती म्हणजे सिग्नलचा आकडा बघायचा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. घड्याळ फोनजवळ होतं तेव्हा एका ओळीत -45 च्या आसपास आकडा होता. ते शेजारच्या खोलीत ठेवून आलो तर त्याच ओळीत -80 च्या पुढे गेला. म्हणजे माझ्याच फोनला माझंच घड्याळ व्यवस्थित ऐकू येत होतं. ऐकत नव्हतं ते फक्त कंपनीचं ॲप.

आता ते का? अँड्रॉइड 6 पासून आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागायला लागली. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण आहे. दुकानांत, स्टेशनांवर एका जागी बसवलेली ब्लूटूथ उपकरणं असतात आणि ती कोणती ऐकू येतात यावरून तुम्ही कुठे उभे आहात ते कळू शकतं. अँड्रॉइड 12 पासून यासाठी Nearby devices अशी वेगळी परवानगी आली. त्यात ‘मी या स्कॅनवरून जागा काढत नाही’ असं ॲपने जाहीर केलं तर लोकेशन लागत नाही. माझ्या ॲपने ते जाहीर केलेलं नसावं, कारण Nearby devices ची परवानगी असूनही यादी कोरीच होती. अशा वेळी अँड्रॉइडला लोकेशन हवं असतं, आणि तेही अचूक. मी परवानगी देताना Approximate निवडलं होतं. हातातल्या घड्याळाला माझी नेमकी गल्ली कशाला कळायला हवी? आजही मी पहिल्यांदा तेच निवडेन. अडचण ही की अशा वेळी स्कॅन चालू झालेला दिसतो, गोल फिरतो, फक्त हाती काही लागत नाही. ‘अचूक लोकेशन द्या’ एवढं एक वाक्य ॲपने दाखवलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

उपाय असा: सेटिंग्जमध्ये ॲपच्या परवानग्यांत Location उघडून Use precise location सुरू करायचं, आणि वरून खाली ओढल्यावर येणारं फोनचं लोकेशनचं बटणही चालू ठेवायचं. परवानगी आहे पण ते बटण बंद, तरी यादी रिकामीच राहू शकते.

एवढं करूनही पहिल्या झटक्यात काही आलं नाही! कारण मी वैतागून ‘पुन्हा शोधा’ सटासट दाबत होतो. एखाद्या ॲपने 30 सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केला तर अँड्रॉइड त्याला निकाल देणं थांबवतं, आणि हेही न सांगता. म्हणजे जितकं दाबाल तितकी यादी रिकामी. बोट आवरून मिनिटभर थांबलो, एकदाच दाबलं आणि घड्याळ आलं. त्या क्षणी घरात जो आवाज निघाला तो शेजाऱ्यांनीही ऐकला असावा.

एक सांगायचं राहिलं, आणि ते खरंतर सगळ्यात आधी करायचं आहे. फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये घड्याळ शोधूच नका. तिथे ते न दिसणं बऱ्याचदा अगदी स्वाभाविक असतं, कारण नाव न सांगणारी उपकरणं ती यादी सहसा दाखवत नाही. कॉल घेणाऱ्या घड्याळांची तर दोन जोडण्या असतात, एक माहितीसाठी आणि एक आवाजासाठी. सेटिंग्जमधून आवाजाची जोडली गेली की घड्याळ जोडलंय असं वाटतं, पण ॲपमध्ये पावलंही येत नाहीत आणि नोटिफिकेशनही जात नाहीत. तसं झालं असेल तर तिथली नोंद Forget करून ॲपमधूनच सुरुवात करा. तिथे आवाजाची जोडणी शेवटी ते स्वतः विचारतं.

जोडणी झाल्यावर मी ॲपची लोकेशनची परवानगी काढून घेतली. अँड्रॉइडला ती शोधण्यासाठी हवी असते, जोडलेलं टिकवायला नाही. माझं घड्याळ फोनपासून लांब जाऊन परत आलं की आपोआप जोडलं जातं. घड्याळावरचं हवामान मात्र तेव्हापासून कोरं आहे. एखाद्या ॲपला पुन्हा जोडताना नव्याने शोधावं लागत असेल तर तेवढ्यापुरती परवानगी परत द्यायची.