तुम्ही विचारलंत म्हणून: मॅक्समध्ये कोण हरवतं

"हजार बिंदू आत घालता आणि मॅक्स पूलिंगमध्ये फक्त सगळ्यांत मोठा आकडा ठेवता. मग बाकीचे बिंदू वायाच गेले ना?"

प्रश्न पॉइंटनेटबद्दलचा, म्हणजे स्कॅनमधले त्रिमितीय बिंदू वाचून वस्तू ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कबद्दलचा आहे. काही जातात, हो. ते जावेत अशीच रचना आहे. पण "फक्त एक आकडा" हे लोकांच्या डोक्यात कुठून बसलं, ते मला अजून उमगलेलं नाही. मॅक्स बिंदूंमधून एक निवडत नाही, रकान्यातून निवडतं. प्रत्येक बिंदू, एकेकटा, त्याच शेअर्ड लेयरमधून, म्हणजे सगळ्यांना सारख्याच असलेल्या गणितातून, जातो आणि शेवटी प्रत्येकाच्या नावावर १०२४ आकड्यांची एक ओळ तयार होते. मॅक्स या तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात वरून खाली बघतं आणि त्यातला मोठा आकडा उचलतं. म्हणजे निवडी १०२४ होतात. एखादा टोकाचा बिंदू पन्नास रकाने मारतो, एखाद्याच्या वाट्याला एकही येत नाही.

कागदावर करून बघा. सपाट पानावर चार बिंदू घ्या: (०, ०), (१, ०), (०, १) आणि (०.४, ०.४). रकानेही चारच ठेवू: x, y, −x, −y. प्रत्येकाचा मॅक्स येतो १, १, ०, ०. चौथा बिंदू कुठेच जिंकलेला नाही, तो पुसला तरी उत्तर तेच राहतं. झाला वाया. आता पाचवा रकाना जोडा: 1 − |x − 0.4| − |y − 0.4|. इथे चौथ्या बिंदूला १ मिळतात, (०, ०) ला ०.२ आणि उरलेल्या दोघांना शून्य. आता चौथा पुसला तर मॅक्स एकदम ०.२ वर घसरतो. हा पाचवा रकाना खरं तर एक प्रश्न आहे: "इथे आसपास कुणी आहे का?" प्रशिक्षणात नेटवर्क असे १०२४ प्रश्न शोधून काढतं. मॅक्स त्यांची उत्तरं गोळा करतं, आणि उत्तर कुणी दिलं, कितव्या क्रमांकावरून दिलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

स्टॅनफर्डमधल्या चौघांनी २०१७ साली पॉइंटनेट मांडलं, त्यात हे मोजून दाखवलंय. मॉडेलनेट४० या त्रिमितीय वस्तूंच्या संचातल्या चाळीस वर्गांवर, बिंदू जसे आले तसे साध्या नेटवर्कमध्ये घातले तर अचूकता २४.२ टक्के, क्रम लावून घातले तर ४५, एकामागून एक वाचणाऱ्या एलएसटीएम नेटवर्कला दिले तर ७८.५. शेअर्ड लेयरनंतर सरासरी घेतली तर ८३.८ आणि मॅक्स घेतला तर ८७.१. निम्मे बिंदू कसेही काढून टाकले तरी पॉइंटनेटची अचूकता ३.८ टक्क्यांनीच घटते. "वाया गेलेले" बिंदू म्हणजे बहुतेक हेच.

इतकं सांगितल्यावर मी पूर्वी थांबायचो. छाती काढून थांबायचो, असंच म्हणायला हवं.

आमचं काम पाइप फिटिंग्जचं होतं. एल्बो, टी, रिड्युसर, फ्लँज. फिरत्या टेबलावर भाग ठेवायचा, स्कॅन करायचा, १०२४ बिंदू घ्यायचे, वर्ग सांगायचा. आमच्या चाचणीत शंभरातले त्र्याण्णव बरोबर यायचे. मग दुसरा स्कॅनर आला आणि त्याच भागांवर गाडी चाळिशीत आली. बैठकीत कुणीतरी बिचकत विचारलं, नवा स्कॅनर बिंदू वेगळ्या क्रमानं लिहितो, त्याचा तर परिणाम नसेल? मी हसलो. म्हटलं, क्रमाचा संबंधच नाही, शेअर्ड लेयर आणि मॅक्स, हे गणितानंच सिद्ध आहे. फळ्यावर लिहूनही दाखवलं.

पुढचे दोन आठवडे मी सगळ्यांवर संशय घेतला. स्कॅनरच्या मोजणीतल्या चुकांवर, धुळीवर, शेवटी मॅक्सवरही. मॅक्स काढून सरासरी लावली, काही फरक नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं: मॅक्स काय आणि सरासरी काय, दोन्ही क्रमाला सारखेच आंधळे. दोन्ही सारखेच आपटत असतील तर चूक त्यांच्या आधी कुठेतरी आहे. नाही आलं लक्षात. मी सरासरीलाही नावं ठेवली आणि पुढे गेलो.

आमच्यात नुकतीच आलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, जुन्याच स्कॅनरची एक फाइल उलटी करून बघू का?" मी म्हटलं, बघ, काही होणार नाही. तिनं `pts[::-1].copy()` लिहिलं आणि चालवलं. तोच एल्बो, तेच १०२४ बिंदू, फक्त शेवटून सुरुवातीकडे. स्क्रीनवर आलं: फ्लँज. ती काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं. मग तिनं नीट चाचणी लिहिली:

```python
model.eval()
p = torch.randperm(1024)
with torch.no_grad():
    d = (model(x) - model(x[:, p, :])).abs().max()
print(d)
```

`d` शून्य यायला हवा होता, फार तर दशांशाच्या पाचव्या-सहाव्या घरात काहीतरी. आला सहाच्या वर. फळ्यावरचं माझं गणित पुसायचं राहिलं होतं.

चूक एका ओळीत होती. शेअर्ड लेयर मी पायटॉर्चच्या `Conv1d` नं केला होता, एक लांबीच्या खिडकीचा. त्याला डेटा (B, 3, N) असा लागतो, B म्हणजे एका खेपेतले स्कॅन आणि N म्हणजे बिंदू, आणि आमच्याकडे तो (B, N, 3) होता. तिथे `x.transpose(1, 2)` हवं होतं, मी लिहिलं होतं `x.reshape(B, 3, N)`. आकार तोच येतो, त्यामुळे कोणी कुरकुर करत नाही. पण `reshape` ओळी-रकाने पालटत नाही. ते सगळे आकडे एका माळेत ओवलेले समजतं आणि नव्या लांबीला तोडतं.

तोडल्यावर काय होतं ते बघण्यासारखं आहे. माळेत ३०७२ आकडे. पहिल्या "बिंदू"ला मिळतात ०, १०२४ आणि २०४८ क्रमांकाचे. ०वा म्हणजे ०व्या बिंदूचा x. १०२४ ला तीननं भागा: ३४१ वेळा, बाकी एक, म्हणून ३४१व्या बिंदूचा y. २०४८ म्हणजे ६८२व्याचा z. एकाचं डोकं, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याचे पाय. दुसऱ्या "बिंदू"त तर ०व्याचा y, ३४१व्याचा z आणि ६८३व्याचा x. अक्षही फिरले. असे १०२४ जोडकाम केलेले बिंदू मी शेअर्ड लेयरला देत होतो, आणि त्यानं ते इमानेइतबारे शिकून घेतले. जुना स्कॅनर ओळीनं वरून खाली लिहायचा, आणि मी दर काही बिंदूंमागे एक उचलायचो, म्हणून क्रम शाबूत राहायचा. मग त्या जोडकामातही दर वेळी भागाचा वरचा, मधला आणि खालचा तुकडा ठरल्या जागी यायचा. चाचणीचा डेटाही त्याच स्कॅनरचा. त्र्याण्णव तिथून आले होते. मॅक्स आपलं काम चोख करत होतं, पण त्याच्यापुढे येणारे बिंदू या जगातले नव्हते.

म्हणून आता मी "मॅक्समुळे क्रमाचा फरक पडत नाही" असं म्हणत नाही. एका ओळीत एकच, पुरा बिंदू असेल, प्रत्येकावर हुबेहूब तेच फंक्शन चालत असेल आणि शेवटी क्रम न बघणारी क्रिया असेल, तरच फरक पडत नाही. मी फळ्यावर शेवटच्या दोनच अटी लिहिल्या होत्या, पहिली राहिली होती.

इथे मला कुणी म्हणेल, म्हणजे चूक तुझी, मॅक्स निर्दोष. मलाही महिनाभर तसंच वाटलं. ती ओळ बदलली, बिंदूही दर वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायला लागलो, पुन्हा शिकवलं. नवा स्कॅनर नव्वदीपर्यंत आला. उरल्यासुरल्या चुका पाहिल्या तर एकच जोडी पुन्हा पुन्हा: चार भोकांचा फ्लँज आणि आठ भोकांचा फ्लँज.

पहिल्यांदा दोष बिंदूंच्या संख्येला दिला, आणि तो निम्मा खरा होता. एक भोक पृष्ठभागाच्या ०.३ टक्के धरा. तेवढ्या जागेत १०२४ पैकी सरासरी तीन बिंदू पडायला हवेत. चिठ्ठ्या टाकून निवडलं तर तेवढी जागा निव्वळ योगायोगानं रिकामी राहण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या जवळपास. अशा जागा पृष्ठभागावर तीनशेहून जास्त, म्हणजे प्रत्येक स्कॅनमध्ये पंधराएक खोटी भोकं. त्यात खरी चार की आठ, कोण सांगणार? बिंदू ४०९६ केले. आता त्याच जागेत सरासरी बारा पडतात, खोटी भोकं जवळपास संपली.

जोडी तशीच राहिली.

आणि इथे मला माझ्याशीच भांडावं लागतं. पाचवा रकाना आठवा: इथे कुणी आहे का? भोक म्हणजे तिथे कुणी नाही. ते कळायला त्या नेमक्या जागेवर रोखलेला रकाना हवा, आणि तिथला आकडा कमी राहायला हवा. एका जागेपुरतं हे जमतं. पण फ्लँज टेबलावर कसाही फिरवून ठेवलेला असतो, भोकं परिघावर कुठेही येतात. मग प्रश्न "कुठे" असा उरत नाही, "किती" असा होतो. मॅक्सला किती ते कळत नाही. एकाच जागी एक बिंदू असो की पन्नास, मोठा आकडा तोच. तुम्ही विचारता ते माहितीचं वाया जाणं हेच असेल तर, हो, बरोबर आहात. बेरीज घेतली तर मोजणी परत येते, पण बेरजेला मग कुठे जास्त बिंदू पडले याचाही फरक पडतो, आणि जवळून केलेल्या स्कॅनमध्ये ते पडतातच.

पॉइंटनेट++ या पुढच्या आवृत्तीत हेच मॅक्स आधी शेजारच्या छोट्या गटांवर लावतात, मग वरच्या पातळीवर. त्यानं भोकाची कड बरी दिसते. वर गेल्यावर पुन्हा तेच मॅक्स, तोच "आहे का". मला त्यानं दोन्ही फ्लँज वेगळे ओळखणं थोडंफार जमलं, पण ती मुलगी म्हणते मी चाचणीचे फ्लँज कमी घेतलेत. तिचं चूक आहे असं मला छातीठोक म्हणता येत नाही. सध्या दोन्ही फ्लँज मी एकाच वर्गात टाकलेत, यादीत नाव नुसतं "फ्लँज" आहे, आणि भोकं टेबलापाशी उभा असलेला माणूस मोजतो.