भाषणाचा शेवट: ४५ शब्दांवरून २२ वर

मे महिन्याच्या शेवटी पारोळा तालुक्यातल्या एका गावात कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर बोलायचं होतं. वेळ संध्याकाळी सातची, मारुतीच्या पारासमोर, हातात माईक आणि वर बांधलेला भोंगा. पाऊण तासाच्या भाषणाची टिपणं एका बैठकीत झाली. शेवटच्या अर्ध्या मिनिटाला, म्हणजे ऐकणाऱ्यांचे आभार मानायला, तीन संध्याकाळी लागल्या. ते कसं जुळवलं ते इथे लिहितो.

पहिला मसुदा असा होता:

"सरतेशेवटी, आपण सर्वांनी आपल्या अत्यंत व्यस्त दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून माझे विचार शांतचित्ताने ऐकून घेतल्याबद्दल मी आपणा सर्वांचा, त्याचप्रमाणे या कार्यक्रमाचे आयोजन करणाऱ्या मंडळाचा, सरपंच महोदयांचा व ज्ञात-अज्ञात सर्व सहकाऱ्यांचा मनःपूर्वक आभारी आहे आणि एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. धन्यवाद. जय हिंद, जय महाराष्ट्र."

एकूण ४५ शब्द, त्यातले ४० एकाच वाक्यात. कागदावर ते बरं दिसतं. मोठ्याने म्हटलं की अडचण कळते: "आभारी" हा शब्द बत्तिसावा येतो. तोवर ऐकणाऱ्याला हे वाक्य कुठे चाललंय ते कळत नाही, आणि बोलणाऱ्याचा श्वास "मंडळाचा"पाशीच संपतो. तिथे श्वास घेतला की सूर तुटतो. न घेतला तर "आभारी आहे" पुटपुटल्यासारखं निघतं. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि आवाजही शेवटाकडेच उतरतो. त्यात भोंगा शेवटचं अक्षर गिळतो. मागच्या रांगेला मग नेमकं आभारच ऐकू जात नाहीत.

काय काढायचं हे ठरवताना पहिली कात्री मंडळ, सरपंच आणि सहकाऱ्यांवर चालवली. यात उद्धटपणा नाही. आपल्याकडच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन हा वेगळा भाग असतो आणि तो वेगळ्या माणसाकडे दिलेला असतो. वक्त्याने तीच यादी वाचली तर त्या माणसाच्या तोंडचा घास जातो, आणि एखादं नाव राहून गेलं की रुसवा वक्त्याच्या वाट्याला. वक्त्याने आभार मानायचे ते फक्त समोर बसलेल्यांचे. पण कार्यक्रमात आभारप्रदर्शन आहे की नाही हे सूत्रसंचालकाला आधीच विचारून घ्यावं. नसेल तर बोलावणाऱ्यांसाठी एक वाक्य ठेवावं लागतं, आणि ते भाषणाच्या सुरुवातीला जास्त शोभतं.

मग एकेक शब्द. "व्यस्त" गेला, कारण मराठीत तो गणितातल्या व्यस्त प्रमाणाचा. कामात असलेल्या माणसासाठी तो हिंदीतून आलाय, आणि पारावर कुणी तो वापरत नाही. "दोन शब्द" गेले. पाऊण तास बोलून झाल्यावर ते म्हटले की पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसतंच. "आपण" काढून "तुम्ही" केलं. "आपण" आदराचंही आहे आणि "आपण सगळे" या अर्थाचंही, त्यामुळे "आपण आज इथे" एवढं ऐकून पुढे "आलो" येणार की "आलात" ते कळत नाही. "तुम्ही"त हा घोळ नाही, आणि गावात ते पुरेसं आदराचं आहे. "एवढे"चं "एवढं" केलं. एकारान्त रूप तोंडातून निघालं की माणूस वाचतोय हे लगेच कळतं.

दुसरा मसुदा एका वाक्याचा झाला: "तुम्ही वेळात वेळ काढून आलात आणि माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी तुमचा मनापासून आभारी आहे." हा लिहायला ठीक आहे, पण बोलताना यात एक खड्डा आहे. "आभारी"बरोबर येणारा "तुमचा" बोलणाऱ्याप्रमाणे बदलतो. पुरुष म्हणेल "मी तुमचा आभारी आहे", बाई म्हणेल "मी तुमची आभारी आहे", आणि अनेक जण मिळून बोलत असतील तर "आम्ही तुमचे आभारी आहोत". "आभार मानतो" म्हणायचं असेल तर मात्र सगळ्यांनाच "तुमचे", कारण तिथे "तुमचे" हे "आभार"शी जुळतं. स्टेजवर दोन्हींची सरमिसळ होते आणि "मी तुमचे आभारी आहे" असं निघून जातं. चूक बारीक आहे, पण ती शेवटच्या वाक्यात होते, म्हणून लक्षात राहते. वाक्य जितकं लांब, तितकी ती होण्याची शक्यता जास्त.

शिवाय "वेळात वेळ काढून" आणि "शांतपणे ऐकून" हे कुठल्याही गावात, कुठल्याही भाषणाला चालणारं आहे, म्हणून कुणाच्या कानात शिरत नाही. आभार खरे वाटावेत असं वाटत असेल तर समोरच्यांनी आज खरोखर काय केलं ते सांगावं लागतं. मेच्या उन्हात दिवसभर नांगरटी-वखरटीची कामं उरकून माणसं येतात, सतरंजीवर बसतात, एवढं आधीच माहीत असतं. तेवढं कागदावर लिहून ठेवलं. एक वाक्य मात्र मोकळं ठेवलं, ते त्या दिवशीच्या सभेत जे घडेल त्यावरून भरायचं. प्रश्न आले तर प्रश्नांबद्दल, पाऊस आला आणि तरी लोक थांबले तर त्याबद्दल. काहीच घडलं नाही तर ते वाक्य गाळायचं. उगाच "तुमचा उत्साह बघून भारावलो" म्हणू नये. लोकांना आपला उत्साह किती होता ते ठाऊक असतं.

दुसरा प्रश्न होता भाषणातल्या मुद्द्याचा. भाषणात तीन आकडे होते: एकरी २ कामगंध सापळे, ते पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लावायचे, आणि सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ किंवा जास्त नर पतंग दिसले की उपाय सुरू करायचा. तिन्ही शेवटात घेतले तर पुन्हा भाषणच सुरू होतं. एक निवडायचा तर सापळ्यांची संख्या, कारण सापळा लागलाच नाही तर पतंग कशात मोजणार? हे वाक्य आभाराच्या आधी यायला हवं. आभार मानले की लोकांच्या लेखी सभा संपते, चपला शोधायला सुरुवात होते, आणि त्यानंतरचा आकडा हवेत जातो.

याच कारणाने "धन्यवाद" एकदाच आणि अगदी शेवटी. या शब्दावर टाळ्या पडतात. तो मधे आला की पुढचं टाळ्यांखाली बुडतं, आणि पहिल्या मसुद्यातल्या "जय हिंद"चं तेच झालं असतं. "शेवटी" हा शब्दही असाच जपून वापरावा. एकदा म्हटला की अर्ध्या मिनिटात थांबावं लागतं. "शेवटचा मुद्दा" दोनदा ऐकला की लोक घड्याळ बघतात. मी तो वापरलाच नाही.

तिसरा मसुदा, जो ठरला:

"एकरी दोन सापळे, एवढं विसरू नका. मंडळी, दिवसभर उन्हात राबून तुम्ही आलात. पाऊण तास बसलात. मधेच अडवून विचारलंत, ते बरं झालं. धन्यवाद."

हे २२ शब्द. सगळ्यात लांब वाक्य सहा शब्दांचं, म्हणजे प्रत्येक वाक्य एका श्वासात आरामात बसतं. वाक्यांच्या शेवटी "आलात", "बसलात", "झालं" अशी अर्थ असलेली क्रियापदं आहेत. "आहे" शेवटी नाही, त्यामुळे आवाज उतरला तरी काही हरवत नाही. चौथं वाक्य हे ते मोकळं वाक्य. "मंडळी" घेतलं कारण "बंधूंनो" म्हटलं की ओट्यावर बसलेल्या बायका वगळल्या जातात.

अहिराणीत बोलावं का, हा विचारही केला. पारोळा, अमळनेर, धुळ्याकडे "तुम्ही उनात, माले बरं वाटनं" एवढं म्हटलं तरी माणसं सैल होतात. पण दोन अटी. घरात अहिराणी बोलत असाल तरच म्हणा, नाहीतर ती नक्कल वाटते. आणि गाव बघा. रावेर, यावल, फैजपूरकडे लेवा गणबोली आहे, तिथे अहिराणी वाक्य पाहुण्याचंच ठरतं. खान्देश म्हणजे सगळीकडे अहिराणी, हा समज बाहेरच्यांचा. मी ते वाक्य घेतलं नाही. "राम राम"ही टाळलं. सभेत वेगवेगळे लोक असतात आणि कुणाचा नमस्कार वेगळा असतो, "धन्यवाद" सगळ्यांना चालतं.

सराव असा केला: मोबाईल रेकॉर्डिंगला लावून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वीसेक फुटांवर ठेवला आणि उभं राहून नेहमीच्या आवाजात बोललो. ऐकताना फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का ते पाहायचं. पहिल्यांदा "बसलात" गेला होता, कारण पुढच्या वाक्याची घाई होती. वाक्यानंतर मनात "एक" म्हणून थांबल्यावर तो आला. पहिल्या मसुद्याला २७ सेकंद लागले होते, याला थांबे धरून १५. पूर्ण वाक्यं कार्डावर लिहून नेली नाहीत, कारण ती दिसली की डोळे खाली जातात. कार्डावर चारच शब्द लिहिले: सापळे, आलात, बसलात, विचारलंत.

प्रश्नोत्तरं नंतर असतील तर हे आभार त्यांच्या आधी मानू नयेत. तिथे फक्त "आता विचारा" म्हणावं आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर हे २२ शब्द बोलावेत. नाहीतर सभा दोनदा संपते. वेळ कमी पडल्याची चिठ्ठी आली तर मधला एखादा मुद्दा गाळायचा, शेवट तसाच ठेवायचा. लाईट गेली आणि भोंगा बंद पडला तरी एवढी छोटी वाक्यं मोकळ्या आवाजात मागच्या रांगेपर्यंत पोचतात, चाळीस शब्दांचं वाक्य पोचत नाही.

"धन्यवाद"नंतर माईक तोंडाजवळून खाली घ्यायचा, टाळ्या ओसरू द्यायच्या आणि माईक सूत्रसंचालकाच्या हातात द्यायचा, टेबलावर ठेवायचा नाही. टेबलावर आपटला की भोंग्यातून जो आवाज येतो, तोच लोकांच्या कानात राहतो. आणि त्या क्षणी "अरे हो, औषधाचं राहिलंच" असं काही आठवलं, तर ते पारावरून खाली उतरल्यावर ज्याला हवं त्याला सांगायचं.