हिरव्या बाटलीचा वास: दोष तपनीचा की उजेडाचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मामांचं परवान्याचं बीअर शॉप आहे. उन्हाळा लागला तशा तक्रारी सुरू झाल्या. "भाऊ, बीअर वास मारून राहिली." तक्रार फक्त हिरव्या बाटलीची. तपनीनं माल नासला, असं सगळ्यांचं मत. मी पूर्वी एका बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, म्हणून मामांनी मला बघायला सांगितलं.

आधी चव घेतली. आंबट नव्हती. सीलबंद बाटली आंबली तर लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू आत शिरलेले असतात आणि बीअर बहुतेकदा गढूळही दिसते. लोण्यासारखा वासही नव्हता. तो डायॅसिटिल नावाच्या पदार्थाचा असतो. कारखान्यात बीअर आंबवताना तो तयार होतो आणि पुढे यीस्टच तो परत शोषून घेतं. घाईनं बीअर थंड करून यीस्ट काढलं तर मागे राहतो. या दोन्ही दोषांचं मूळ कारखान्यात असतं.

आमच्या बाटलीचा वास मात्र गंधकाचा, जळक्या रबरासारखा उग्र होता. अमेरिकेतल्या स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीवरून याला 'स्कंकी' म्हणतात.

मग बंद खोक्यातून एकाच बॅचच्या तीन बाटल्या घेतल्या. एक घरात अंधारात ठेवली. दुसरीला अॅल्युमिनियम फॉईल घट्ट गुंडाळली आणि तिसरी उघडीच ठेवून दोघींना सकाळच्या उन्हात अर्धा तास शेजारी ठेवलं. कडक उन्हात बाटली फुटू शकते, म्हणून सकाळ. नंतर तिन्ही सारख्याच थंड केल्या. मामींनी ग्लासांवर फक्त आकडे टाकले, कोणता कुठला ते मला सांगितलं नाही.

वास एकाच ग्लासाला आला, उघड्या बाटलीच्या. फॉईलवालीही उन्हात तापली होती, पण ती स्वच्छ निघाली. म्हणजे दोष उजेडाचा. हॉप्स या फुलांमधून येणारे कडू घटक उजेडानं तुटतात आणि गंधकाशी जुळून थायॉल नावाचं एक उग्र वासाचं संयुग बनतं. त्याचा अगदी सूक्ष्म अंशही नाकाला कळतो, आणि बीअर थंड केली तरी तो जात नाही. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, कॅन पूर्ण अडवतो, हिरवी काच फारच थोडा. म्हणून दुकानात तपकिरी बाटलीची तक्रार नव्हती.

मामांचं शोकेस पश्चिमेच्या शटरजवळ होतं. तिथला माल बाजूला काढला, शोकेसमध्ये रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि हिरवा माल खोक्यातच ठेवला. काचेच्या फ्रीजमधली ट्यूबही बंद केली, कारण तिचा उजेड हळूहळू तेच करतो.

तपनीचा दोष वेगळाच असतो. तो आठवड्यांनी येतो, बीअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि त्यातून तपकिरी बाटलीही सुटत नाही. आमच्या गोदामावर पत्रा आहे, तेव्हा मे संपेपर्यंत माल थोडा थोडाच मागवायचा आणि आधी आलेला आधी विकायचा, असं मामांशी ठरवलं आहे.