पाच बरोबर, सहा बरोबर, मग वायर खराब कशी?

आमचं पॉलिटेक्निक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर आहे, सभोवार कपाशी. तिथल्या डिजिटल लॅबमधल्या एका किटचा राग अजून माझ्या मनात आहे. बीसीडी ते सेव्हन सेगमेंट डिकोडर गेट्स वापरून बनवणाऱ्या कुणाला हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

सत्यसारणी, के-मॅप हे सगळं वहीत सुरळीत झालं. त्यातलं एकच सांगतो, कारण पुढची भानगड तिथूनच निघाली. चार बिट्समध्ये सोळा जोड्या होतात, पण बीसीडीत ० ते ९ एवढेच अंक येतात. १० ते १५ या सहा जोड्या कधी येणारच नाहीत असं धरून के-मॅपमध्ये त्यांच्या जागी आपण फुल्या मारतो. हेच डोन्ट केअर. फुलीला गट मोठा करायला हवं तर १ धरायचं, नको तर ०. खालची डावी पट्टी e फक्त ०, २, ६ आणि ८ ला पेटते. फुल्या न वापरता आणि वापरून तिचं समीकरण असं येतं (A सर्वात मोठा बिट, D सर्वात लहान):

```
e = A'CD' + B'C'D'
e = B'D' + CD'
```

१० आणि १४ च्या फुल्या १ धरल्या की दोन्ही गट चार-चार घरांचे होतात आणि A समीकरणातून निघूनच जातो. ६ आणि ९ ला शेपटी देऊन मी बाकीच्या पट्ट्या मांडल्या:

```
a = A + C + BD + B'D'
b = B' + C'D' + CD
c = B + C' + D
d = A + B'D' + B'C + CD' + BC'D
f = A + C'D' + BC' + BD'
g = A + BC' + B'C + CD'
```

यात a, d, f, g या चारांत A एकटा उभा आहे, सोबत दुसरं कुणी नाही. A १ असलेल्या आठ घरांपैकी खरे अंक दोनच, ८ आणि ९. उरलेल्या सहा फुल्या त्यांच्याच गटात ओढून आपण आठचा गट केला. कागदावर हे बघून फार बरं वाटतं.

जोडणीत मी ७४०४, ७४०८ आणि ७४३२ ही एलएस मालिकेची आयसी घेतली. डिस्प्ले कॉमन अॅनोडचा घ्या. एलएस गेट करंट आत ओढायला बऱ्यापैकी सक्षम असतं, बाहेर द्यायला फार कमजोर. म्हणून प्रत्येक पट्टीच्या आउटपुटला शेवटी एक नॉट लावला आणि ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून पट्टीला नेला.

सप्लाय दिला. आठ आला, नऊ आला, पाच आला, सहाही आला. पण शून्याला आठ दिसे, एकला नऊ, तीन, चार आणि सात यांनाही नऊच. दोनला तर c नसलेला तुटका आठ.

सर येऊन बघून गेले. "समीकरणं तपासा, चार अंक बरोबर येताहेत म्हणजे वायरिंग ठीक आहे." मला हा तर्क पटत नव्हता, पण त्याला उत्तरही सुचत नव्हतं. समीकरणं परत परत तपासली, आयसी दुसऱ्या बोर्डवर लावून पाहिल्या. लॅबच्या काकांना म्हटलं, "काका, किट बदलून द्या न." ते म्हणाले, "किट चालू हाय बापू, रजिस्टरात तसंच लिवलेलं हाय. नादुरुस्त लिवाले सायबाची सही लागते." साहेब जिल्ह्याला मीटिंगला. सही काही होईना. दुपारी लाइन जायची ती वेगळीच. चिडून मी वही घेऊन व्हरांड्यात जाऊन बसलो.

तिथे एक गोष्ट केली, जी खरं तर आधीच करायला हवी असं आता सगळ्यांना सांगतो: कोणता अंक चुकला ते न लिहिता कोणत्या पट्ट्या चुकल्या ते लिहिलं. b, c, e दहाही अंकांना अगदी बरोबर होत्या. a, d, f, g मात्र कधी विझतच नव्हत्या. आणि या चारही पट्ट्या ज्यांना मुळातच लागतात ते अंक कोणते? पाच, सहा, आठ, नऊ! म्हणून तेवढेच बरोबर दिसत होते. चार पट्ट्या एकदम बिघडणार नाहीत, त्यांच्यात सामाईक असलेला एकटा A बिघडला असणार. तो कायम १ होता.

पण किटवर A चा स्विच खाली होता आणि त्याच्या वरचा दिवा विझलेला, म्हणजे ०. मल्टिमीटर गेटच्या पायावर लावला तर सुमारे दीड व्होल्ट. ना धड शून्य, ना धड पाच. टीटीएल गेटचा इनपुट कुठेच जोडलेला नसला की असंच दिसतं, आणि गेट त्याला १ समजतं. दिवा स्विचला थेट जोडलेला होता, पण पॅच कॉर्ड खोचायच्या सॉकेटमधली पकड आतून सैल झाली होती. रजिस्टरात अर्थातच "चालू". मी स्विचच्या मागच्या पायातून सरळ वायर काढली आणि दहाही अंक लखलखीत आले. त्या क्षणी मी एवढ्या जोरात ओरडलो की काका धावत आले.

म्हणजे पाच दाबला की गेट्सना ०१०१ ऐवजी ११०१, म्हणजे १३ जात होते, आणि डिस्प्ले तरीही पाचच दाखवत होता. डोन्ट केअरची खरी गोम ही आहे. वहीत फुली असते, पण गट पाडून झाले की फुली उरत नाही, तिचा १ किंवा ० पक्का होऊन बसतो. माझ्या समीकरणांत १० ला तुटका आठ येतो, ११, १२ आणि १५ ला नऊ, १३ ला पाच, १४ ला सहा. कुणी दशमान काउंटरऐवजी शून्य ते पंधरा मोजणारा चुकून जोडला तरी बहुतेक वेळा डिस्प्लेवर साधे अंकच दिसतील आणि शंकासुद्धा येणार नाही. तुमचे गट वेगळे असतील तर हे आकारही वेगळे येतील, म्हणून समीकरणं झाली की त्या सहा जोड्या त्यांत घालून काय दिसेल ते वहीत लिहून ठेवा. तोंडी परीक्षेत मला नेमकं हेच विचारलं, आणि मी न थांबता सहाही सांगितले.

आणखी एक. ७४४७ शी तुलना करायची असेल तर त्याच्या पायांवर A हा सर्वात लहान बिट असतो, वहीतल्या उलट. त्याच्या ६ आणि ९ ला शेपटी नसते, १० ते १४ ला तो विचित्र चिन्हं दाखवतो आणि १५ ला विझतो.

आता मी बोर्डवर एक लाल एलईडी हमखास लावतो. १० ते १५ ओळखायला एक ऑर आणि एक अँड पुरतं:

```
A(B + C)
```

हा दिवा त्या दिवशी असता तर दोन दाबल्याबरोबर पेटला असता. नुसती खूण नको, डिस्प्लेच विझवायचा असेल तर फुल्यांच्या जागी सरळ ० भरा. मग e साठी वरची पहिली, लांब ओळच घ्यावी लागते आणि बाकीच्या पट्ट्यांतही गेट्स वाढतात. तेवढी गेट्स नसतील तर ४५११ घ्या, नऊच्या वर तो स्वतःच सगळं विझवतो. फक्त त्याला डिस्प्ले कॉमन कॅथोडचा लागतो.