सहाशे युरो आणि रेट शीटमधला चुकीचा रकाना

रत्नागिरीच्या शाखेत परकीय चलनाचं टेबल माझ्याकडे आहे. बोटीवर निघालेली मुलं, आखातातून सुट्टीवर आलेली माणसं आणि हल्ली मुलांकडे परदेशी राहून येणारे आईवडील, असे सगळे माझ्यासमोर बसतात. पावसचे एक निवृत्त गुरुजी लेकीकडे जर्मनीला जाऊन आले होते. ट्रॅव्हल कार्डावर ६०० युरो उरले होते. उरलेलं चलन परत आल्यावर बँकेला देता येतं, हे त्यांनी जाण्याआधीच विचारून ठेवलं होतं. म्हणून आल्या आल्या अर्ज, कार्ड, पासपोर्टची प्रत, पॅन आणि रद्द केलेला चेक घेऊन ते बुधवारी आले. हॉटेलने अडवून ठेवलेली रक्कम असली तर रिफंड अडकतो, म्हणून मी आधी व्यवहारांची यादी पाहिली. काहीच अडकलेलं नव्हतं. अर्ज मुख्य कार्यालयाकडे पाठवला.

सोमवारी गुरुजी भर पावसात एसटीने पुन्हा हजर. पासबुक उघडून माझ्यापुढे ठेवलं. जमा ५८,१५५ रुपये १३ पैसे.

"मॅडम, मोबाईलवर युरो शंभर रुपये साठ पैसे दिसत होता. साठ हजार तीनशे साठ व्हायला हवे होते. दोन हजारांवर गेले कुठे?"

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि त्याचं निम्मं उत्तर ठरलेलं आहे. मोबाईलवर दिसतो तो बाजारातला मधला भाव. त्या भावाने कुठलीच बँक ना विकत, ना घेत. कार्ड भरताना गुरुजींना युरो १०२.९० ने मिळाला, तो बँकेचा विक्रीचा दर. परत घेताना खरेदीचा दर लागतो आणि तो मधल्या भावाच्या खालीच असतो. शिवाय तो अर्जाच्या दिवसाचा नसतो. मुख्य कार्यालय ज्या दिवशी व्यवहार करतं, त्या दिवसाचा असतो. गुरुजींचा व्यवहार शुक्रवारी झाला होता.

एवढं सांगून मला त्यांना परत पाठवता आलं असतं. पण पासबुकात नुसता आकडा होता, दर कुठेच नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकवलं, त्याला "दर असा असतो" म्हणून वाटेला लावणं मला पटेना. मी उलटं गणित मांडलं. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो. एक लाखापर्यंतच्या रकमेत तिचा एक टक्का करपात्र धरतात, कमीत कमी २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे मूळ रकमेच्या ०.१८ टक्का. जमा रकमेला ०.९९८२ ने भागलं, तर ५८,२६० आले. त्याला ६०० ने भागलं, की ९७.१०.

शुक्रवारचं रेट शीट काढलं. त्यात एकाच चलनासमोर खरेदीचे वेगवेगळे रकाने असतात: खात्यावर येणाऱ्या रकमेचा, बिलाचा, ट्रॅव्हल कार्डाचा आणि शेवटी रोख नोटांचा. नोटांचा दर सगळ्यांत कमी, कारण नोटा सांभाळायच्या आणि पुढे पाठवायच्या म्हणजे बँकेला खर्च येतो. युरोच्या ओळीवर पट्टी धरून मी सरकवत गेले. कार्डाच्या रकान्यात ९८.५०. नोटांच्या रकान्यात ९७.१०.

गुरुजीही वाकून बघत होते. म्हणाले, "पण मी नोटा दिल्याच नाहीत!"

त्यांना खटकला होता मोबाईलवरचा भाव आणि तो काही त्यांना मिळणार नव्हता. पण विचारायला आले म्हणून ही दुसरीच चूक हाती लागली. कार्डाचा रिफंड मुख्य कार्यालयात नोटांची खरेदी म्हणून नोंदला गेला होता. नुसती रक्कम पाहून हे कधीच कळलं नसतं. दर काढून, त्याच दिवसाच्या शीटवर, योग्य रकान्याशी ताडला तरच कळतं.

गुरुजींकडून मी लेखी अर्ज घेतला. "पैसे कमी आले" असं मोघम न लिहिता कार्डाचे शेवटचे चार अंक, ६०० युरो, व्यवहाराची तारीख, लावलेला दर, लावायला हवा होता तो दर आणि फरक, एवढंच लिहायला सांगितलं. फरक त्यांनी स्वतःच काढला. ५९,१०० मधून १०६.३८ कर वजा, राहिले ५८,९९३.६२. म्हणजे ८३८ रुपये ४९ पैसे कमी आले होते. शुक्रवारच्या शीटची प्रत जोडली, पोच दिली आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही त्यांना सांगितलं.

तितकी वेळ आली नाही. त्याच आठवड्यात फरक जमा झाला आणि दर, तारीख व कर वेगळे दाखवणारी सुधारित पावती आली. गुरुजींनी ती टेबलावरच तपासली, भागाकार करून पाहिला आणि मगच पोचेवर सही केली.