कोणाचं दुकान बुडालं?

रविवार, रात्रीचे साडेअकरा. दांडिया बाजार, बडोदा.

राजीनाम्याचं पत्र तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडून आहे. साडेआठ वर्षांची नोकरी सोडायची आणि प्रेशर व्हेसलची ड्रॉइंग्ज स्वतः करून द्यायची. मकरपुरा जीआयडीसीतले तीन फॅब्रिकेटर काम देतो म्हणालेत. म्हणालेत, एवढंच.

आज जेवणं झाल्यावर मी, हे आणि वन्सं असे तिघं कागद घेऊन बसलो. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची ही प्री-मॉर्टेमची रीत. ‘धंदा बुडेल का?’ असं विचारायचंच नाही. २०२७ची दिवाळी आलीय आणि धंदा बुडालाय, असं धरायचं. का बुडाला, ते प्रत्येकानं गप्प बसून आपापलं लिहायचं आणि मग आळीपाळीनं एकेक कारण वाचायचं. आधी बोललं की सगळे पहिल्याच्या मागे जातात. आमच्याकडे तो मान यांचा.

मी लिहिलं, कामं मिळाली नाहीत. यांनी लिहिलं, कामं मिळाली, पैसे आले नाहीत. वन्संनी लिहिलं, ‘वहिनीनं ओळखीपाळखीत फुकट दुरुस्त्या करून दिल्या.’ हसलो खरे, पण मला ते लागलं. आता कोटेशनमध्येच दोन दुरुस्त्या, तिसरीचे पैसे.

यांच्या कारणाचा हिशेब मांडला. हप्त्यासकट घरखर्च ६० हजार, यांचा पगार ४२. पहिलं बिल टाकायला एक महिना, पैसे लांबले तर नव्वद दिवसांनी, म्हणजे चार महिने १८ हजारांची तूट. ७२ हजार, साठवणीतून निघतील. पण १५ हजारांचा गाळा घेतला तर तेच १ लाख ३२ हजार, डिपॉझिट वेगळं, शिवाय तीन वर्षांचं लॉक-इन. काम नसलं तरी भाडं चालूच. गाळा रद्द, टेबल माडीवर. पहिल्या तीन बिलांपैकी दोन बिलांचे पैसे साठ दिवसांत आले नाहीत, तर पुढचं काम निम्मे पैसे आगाऊ घेऊनच.

मग मागे फिरता येईल का, ते पाहिलं. साहेब म्हणाले होते, केव्हाही परत या. लेखी मागितलं तेव्हा उन्हाळ्यावर बोलू लागले. ते दार बंदच धरलं. दुसरीकडे नोकरी मिळेल, बहुधा एक पायरी खाली.

खरी चूक पीएफमध्ये होणार होती. मी सगळाच काढून कॉम्प्युटर घेणार होते. पण पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि पेन्शनचा भाग काढला की माझी साडेआठ वर्षं पुसली जातात. त्याच १०सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. पुन्हा नोकरी धरली तर मोजणी साडेआठच्या पुढे सुरू.

पत्र आज पाठवलं नाही. उद्या तिन्ही फॅब्रिकेटरांकडे लेखी ऑर्डर मागते; एक आली की पाठवते.

कागद फ्रिजवर लावलाय. अण्णा पाणी प्यायला उठले, चष्मा लावून वाचला आणि घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, “कोणाचं दुकान बुडालं गं?”